ड्रायव्हर सुटला, मग दावा का सुटत नाही?

(प्रसंग आणि बोलणारी माणसं रचलेली आहेत, कायदा आणि निवाडे खरे आहेत.)

मालक : मॅडम, उरणच्या कोर्टात माझा ड्रायव्हर निर्दोष सुटला. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन आलोय. करळ फाट्याकडून दास्तान फाट्याकडे जाताना ट्रेलर कडेला उभा होता, रात्रीची वेळ, मागून स्कूटर येऊन आदळली आणि चौतीस वर्षांचा माणूस जागीच गेला. वाईट झालं, मी कधीच नाही म्हटलं नाही. पण सरकारने कलम ३०४-अचा खटला भरला, साक्षी झाल्या, आणि शेवटी कोर्टाने सांगितलं की याच्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. आता पनवेलच्या ट्रिब्युनलात तीच रात्र, तोच ट्रेलर, तोच निष्काळजीपणा पुन्हा उकरून काढतायत. एका गोष्टीसाठी माणसाला दोनदा उभं करायचं नाही, असं घटनेतच आहे ना?

वकील : आहे, पण ते गुन्हा आणि शिक्षेबद्दल आहे. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून दोनदा शिक्षा द्यायची नाही, एवढंच अनुच्छेद २० म्हणतो. पनवेलला कुणी तुमच्या ड्रायव्हरला तुरुंगात पाठवा म्हणत नाहीये. घरातला कमावता माणूस गेला, त्याची भरपाई कोण देणार, एवढाच तिथला प्रश्न आहे. आणि शेठ, तुम्ही म्हणता 'तोच खटला', पण दोन्ही कागदांवरची नावं वाचा. उरणला एका बाजूला सरकार होतं आणि दुसऱ्या बाजूला ड्रायव्हर. मयताची बायको तिथे पक्षकारच नव्हती. कोणता साक्षीदार तपासायचा, कोणाला सोडून द्यायचं, उलटतपासात काय विचारायचं, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. तुम्हीही तिथे नव्हता. पनवेलला ती अर्जदार आहे, आणि समोर तुम्ही, ड्रायव्हर आणि विमा कंपनी. ज्या लढाईत तिला बोलूच दिलं नाही, त्या लढाईचा निकाल तिच्या गळ्यात बांधायचा, याला न्याय कसं म्हणणार?

मालक : बायको पक्षकार नव्हती, मान्य. पण पोलिस तिच्याच बाजूने होते. आणि कोर्टाने तपासलेली गोष्ट एकच होती: त्या रात्री ड्रायव्हरने निष्काळजीपणा केला की नाही. एकाच घटनेबद्दल एक कोर्ट 'नाही' म्हणणार आणि दुसरं 'हो' म्हणणार, तर माझ्यासारख्याने कोणाचं खरं धरायचं?

वकील : निकाल पुन्हा वाचा. कोर्टाने 'निष्काळजीपणा झाला नाही' असं लिहिलंय, की 'सरकार पक्षाला निष्काळजीपणा सिद्ध करता आला नाही' असं?

मालक : दुसरं. 'संशयाचा फायदा देऊन' असं आहे. एक पंच फितूर झाला. स्कूटरवर मागे बसलेला मित्र म्हणाला, दिवे होते की नव्हते आठवत नाही. आणि ट्रेलर तिथे कोणी उभा केला, हे कोणीच डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पोलिस आले तेव्हा ड्रायव्हर गाडीजवळ नव्हता.

वकील : आता या गोष्टी पनवेलला नेऊन पाहू. कोणी उभा केला, हा उरणला कळीचा प्रश्न होता, कारण शिक्षा एका माणसाला होते आणि तो माणूस हाच, हे शंकेला जागा न ठेवता दाखवावं लागतं. ट्रिब्युनलात तो प्रश्न जवळजवळ गळून पडतो. तिथे पाहतात की गाडी कोणती आणि ती कोणाच्या कामावर होती. ट्रेलर तुमचा, कंटेनर तुमच्या बुकिंगचा, गाडी यार्डाच्या रांगेसाठी थांबलेली. चाकावर तुमचा हा नोकर होता की तो, याने तुमची जबाबदारी हलत नाही. म्हणजे तुमचा ड्रायव्हर ज्या मुद्द्यांवर सुटला, त्यातल्या एकाचा पनवेलला काही उपयोगच नाही.

दुसरी गोष्ट, दिवे. उरणला मित्राच्या 'आठवत नाही'ने शंका तयार झाली आणि शंका आरोपीच्या पदरात पडली. ते योग्यच झालं. ट्रिब्युनलात मात्र दोन शक्यता शेजारी ठेवतात आणि जास्त पटणारी कोणती ते बघतात. घटनास्थळाच्या पंचनाम्यात लिहिलंय का, की मागची परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली होती? गाडी डांबरी रस्त्यावर किती आत होती? मागे त्रिकोण ठेवला होता का? उभी गाडी दुसऱ्याला धोका होईल अशी ठेवू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. एवढ्यावरून पारडं थोडं जरी झुकलं तरी दिवाणी बाजूला पुरतं.

मालक : म्हणजे फौजदारीत कोर्ट कडक आणि दिवाणीत ढिलं. हे ऐकायला बरं नाही वाटत, मॅडम. पुरावा तो पुरावा.

वकील : नुसतं कडक-ढिलं म्हटलं तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. ३०४-अचा गुन्हा आणि दिवाणी निष्काळजीपणा या दोन वेगळ्या मापाच्या गोष्टी आहेत. मुंबईचंच उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात एका रंग-वार्निशच्या कारखान्याला आग लागून सात कामगार गेले. जिथे वार्निश आणि टर्पेंटाइन साठवलेलं, तिथेच भट्ट्या पेटवून रंग तयार करायला व्यवस्थापकाने मुभा दिली होती. परवाना तसा नव्हता. आग मात्र लागली ती एका कामगाराने गरम मिश्रणात टर्पेंटाइन घाईने ओतल्यामुळे. कुर्बान हुसेन रंगवाला खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्थापकाची ३०४-अची शिक्षा रद्द केली. त्यासाठी १९०२ सालची, मुंबई उच्च न्यायालयाच्या सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी आखलेली कसोटी वापरली: मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा थेट, लगतचा परिणाम असला पाहिजे, मध्ये दुसऱ्याची निष्काळजी कृती येता कामा नये. पण आगीबाबत बेफिकिरी दाखवल्याबद्दलची त्याची वेगळी शिक्षा कायम ठेवली. म्हणजे न्यायालय एकाच निकालात म्हणालं, चूक तुझी आहे, पण या मृत्यूचा गुन्हेगार तू नाहीस.

तुमचा ट्रेलर उभा होता, स्कूटर येऊन आदळली. मध्ये स्कूटरवाल्याची कृती आली. समजा साक्षी चोख झाल्या असत्या, तरी ३०४-अचा गुन्हा सिद्ध करणं सोपं नव्हतं. आणि तरीही तुमच्या बाजूने चूक झालेली असू शकते.

मालक : हे मला पटायला लागलंय असं समजू नका. उलट यातून माझाच मुद्दा पुढे येतो. स्कूटरवाला आदळला, तर चूक त्याची.

वकील : कदाचित अर्धी, कदाचित पाव. आणि इथेच दोन कोर्टांमधला मला सर्वांत मोठा वाटणारा फरक आहे. फौजदारी कोर्टाकडे दोनच उत्तरं आहेत, दोषी किंवा निर्दोष. पंचाहत्तर टक्के दोषी असं काही नसतं. ट्रिब्युनल दोष वाटून देऊ शकतं. आकडे घालून बघू. मयत एका सीएफएसमध्ये कंत्राटी कामगार, महिना अठरा हजार, वय चौतीस, मागे बायको, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा आणि प्रणय सेठी या निवाड्यांत घालून दिलेला हिशेब असा चालतो: पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरून महिन्याचे पंचवीस हजार दोनशे, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा, आणि या वयाला सोळाचा गुणक. उत्पन्नाच्या नुकसानीची रक्कम येते छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. बाकीच्या किरकोळ बाबी वेगळ्या. आता ट्रिब्युनलाला वाटलं की स्कूटरवाला वेगात होता, समोरचा उभा ट्रेलर त्याला दिसायला हवा होता, आणि पाव दोष त्याचा, तर रक्कम सत्तावीस लाख एकवीस हजार सहाशेवर येईल. तुमच्या ड्रायव्हरच्या सुटकेने जे मिळत नाही, ते या पाव हिश्शाने मिळतं. पण त्यासाठी स्कूटरवाल्याची चूक तुम्हाला पनवेलला पुराव्याने दाखवावी लागेल. उरणचा निकाल टेबलावर ठेवून ती दिसत नाही.

मालक : बरं, मग एक सांगा. माझ्या निकालाला किंमत नाही म्हणता, आणि तुम्ही लोक दाव्यात काय लावता? एफआयआर, पंचनामा, दोषारोपपत्र. तीच पोलिसांची फाइल! फाइल चालते, आणि त्याच फाइलवर कोर्टाने दिलेला निकाल चालत नाही? हे सोयीचं नाही का?

वकील : हा प्रश्न चांगला आहे, आणि याचं पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. जे आहे ते सांगते. पुरावा कायद्याची ४० ते ४३ ही कलमं, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातली ३४ ते ३७, दुसऱ्या खटल्यातला निकाल केव्हा पुरावा म्हणून चालतो ते ठरवतात. त्या चौकटीत फौजदारी सुटकेचा निकाल 'सुटका झाली' एवढ्या गोष्टीचा पुरावा असतो. 'चूक नव्हती' याचा नाही. दुसऱ्या न्यायाधीशाचं मत आहे म्हणून ते स्वीकारायचं नसतं. पंचनामा मात्र कुणाचं मत नाही. रस्ता किती रुंद, काच कुठे पडली, टायरचे व्रण कुठून कुठे, हे त्यात आहे. आरटीओच्या निरीक्षकाने गाडी तपासून दिलेला अहवाल, शवविच्छेदनाचा कागद, हेही तसेच. तुमच्या निकालपत्रातली वाक्यं चालत नसली, तरी त्या निकालामागे झालेल्या साक्षी तुम्ही इथे पुन्हा उभ्या करू शकता. फितूर झालेल्या पंचाला विचारू शकता. तिथे एक बोलला आणि इथे दुसरंच बोलला, तर आधीच्या जबाबाने त्याला खोटं पाडू शकता.

पण तुमचा टोमणा अगदी चुकीचा नाही. काही ट्रिब्युनलं दोषारोपपत्र पाहतात आणि निष्काळजीपणा जवळजवळ सिद्धच धरतात. पोलिसांचं अनुमानही मतच आहे. ते आयतं उचललं, तर न्यायाधीशाचं मत नाकारून शिपायाचं मत मानल्यासारखं होतं. माझ्या पेशाला ही गोष्ट फार सोयीची आहे, म्हणूनच आम्ही त्याबद्दल कमी बोलतो.

मालक : बघा, कबूल केलंत. आणि याहून वाईट सांगू? गाडी बदलणं. धडक देणारा पळून जातो आणि मग विमा असलेली एखादी गाडी शोधून दाव्यात लावतात. फौजदारी कोर्ट म्हणालं, 'ही गाडी तिथे नव्हतीच', तरी तुमचं ट्रिब्युनल 'आम्ही स्वतंत्रपणे ठरवू' म्हणणार?

वकील : असे बनावट दावे होतात. उत्तर प्रदेशात त्यांच्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. म्हणून सुटका कोणत्या प्रकारची आहे हे पाहणं गरजेचं आहे. 'ओळख पटली नाही', 'पंच फितूर', 'शंका आहे' ही एक जात. 'आरोपीची गाडी त्या वेळी दुसऱ्याच ठिकाणी होती, हे टोलच्या नोंदीवरून दिसतं' ही दुसरी. दुसऱ्या जातीतही निकाल बंधनकारक होत नाही. पण ती टोलची नोंद इथे आणली की ट्रिब्युनलाला ती बाजूला सारता येणार नाही, आणि सारली तर उच्च न्यायालयात टिकणार नाही. प्रत्येक वेळी निकालाच्या मागे जाऊन, तो ज्या कागदावर उभा आहे तो कागद आणावा लागतो. तुमचा निकाल पहिल्या जातीचा आहे, एवढंच.

मालक : सर्वोच्च न्यायालयाने हे खरंच स्पष्ट म्हटलंय का, की तुम्ही वकील लोकांनी काढलंय?

वकील : १९८०चा एन.के.व्ही. ब्रदर्सचा निवाडा. तामिळनाडूतली एक बस रात्री जात असताना रस्त्यावर लोंबणाऱ्या उच्च दाबाच्या विजेच्या तारेला जाऊन भिडली. सव्वीस जणांना इजा झाली, त्यातले आठ जागीच गेले. फौजदारीत ड्रायव्हर सुटला. हा दैवी प्रकोप, असं तिथे धरलं गेलं. भरपाईच्या दाव्यात मात्र पुराव्यावरून दिसलं की पुढे तार लोंबतेय म्हणून प्रवासी आरडाओरडा करत होते आणि ड्रायव्हरने तरीही गाडी दामटली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली ती हाच मुद्दा घेऊन, तुमचाच: ड्रायव्हर सुटलाय, मग आम्ही का द्यायचं? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो फेटाळला. ३०४-अमधला बेदरकारपणा दिवाणी निष्काळजीपणापेक्षा जास्त तीव्र लागतो, म्हणून तिथली सुटका इथला दावा संपवत नाही, असं त्यांनी म्हटलं. त्यानंतर हीच भूमिका वारंवार घेतली गेली. २०१८च्या मंगला राम निवाड्यातही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा, ती तुमच्या बाजूची आहे. चूक दाखवावीच लागत नाही, असं कुणी म्हटलेलं नाही. १९७७ साली मुंबईच्या एका अपघातात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं की निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मालकावर भरपाई लादता येत नाही. आता मृत्यूसाठी पाच लाखांची ठरावीक रक्कम चूक न दाखवता मागता येते, पण छत्तीस लाखांसाठी चूक दाखवावीच लागते.

मालक : आणि हे सगळं माझ्या खिशातून जाणार, कारण विमा कंपनी म्हणते की ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत त्या वेळी संपलेली होती.

वकील : अशा वेळी बहुतेकदा कंपनीला आधी भरायला लावतात आणि मग ती तुमच्याकडून वसूल करू शकते. पण लायसन्स पाहण्यात तुम्ही वाजवी काळजी घेतली होती का, हे तपासलं जातं. २००४च्या स्वरण सिंग निवाड्यात ते आहे. कामावर घेताना लायसन्सची झेरॉक्स घेऊन मुदत वहीत लिहिली होती का, ते बघा. आणि अजून एक. तुम्ही आजवर ट्रिब्युनलात हजर राहिलात का?

मालक : नाही. ड्रायव्हर सुटणार हे माहीत होतं. म्हटलं, निकाल लागला की नक्कल देऊन टाकू.

वकील : हीच चूक सगळ्यांत जास्त होते. मालक गप्प बसतो, एकतर्फी आदेश होतो, आणि सुटकेची नक्कल घेऊन धावपळ सुरू होते. आता तातडीने अर्ज देऊन लेखी कैफियत दाखल करा. ट्रेलरच्या जीपीएसची नोंद काढा: कितीला थांबला, कितीला धडक बसली. आरटीओचा निरीक्षक बोलवायला लावा. अहवालात त्याने मागचे दिवे चालू असल्याचं लिहिलंय, पण तपासणी दोन दिवसांनी झाली. तोवर गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात होती, तिथे कोणी बल्ब बदलला का, हे समोरचा वकील विचारणारच. आणि सगळ्यांत महत्त्वाचा साक्षीदार तुमचा ड्रायव्हर.

मालक : तो उरणला एक शब्द बोलला नाही. त्याच्या वकिलाने सांगितलं, गप्प बस.

वकील : बरोबर सांगितलं. फौजदारीत गप्प राहणं हा त्याचा हक्क आहे, त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध काढता येत नाही. दिवाणीत मात्र तसं नाही. १९७७च्या पुष्पाबाई उदेशी खटल्यात नागपूरहून पांढुर्ण्याकडे जाणारी गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली होती. तिथे न्यायालय म्हणालं की अपघातच इतका बोलका आहे की आता खुलासा समोरच्याने करायचा. दिवाणीत हे चालतं. फौजदारीत अशा नियमाच्या जोरावर कुणाला दोषी ठरवता येत नाही, हे १९७९च्या सय्यद अकबर खटल्याने सांगितलं. त्यामुळे जी चुप्पी उरणला त्याच्या कामी आली, तीच पनवेलला तुमच्या विरुद्ध धरली जाईल. गाडी मी अशी उभी केली, दिवे चालू ठेवले, त्रिकोण मांडला, हे सांगू शकणारा तो एकच माणूस आहे.

मालक : मग त्याला उभा करतो. सुटलाय, आता त्याला कसली भीती?

वकील : इतकं सोपं नाही. उरणला सरकारला जे दाखवता आलं नाही, म्हणजे ट्रेलर त्यानेच तिथे उभा केला, ते तो पनवेलला शपथेवर स्वतःच्या तोंडाने सांगणार. सुटकेविरुद्ध अपील होऊ शकतं. सरकारचंही, आणि २००९च्या दुरुस्तीपासून मयताच्या घरच्यांचंही. अपील सहसा मूळ खटल्याच्या कागदांवरच चालतं, नवीन जबाब असा सहजासहजी तिथे जात नाही. तरीपण कुठलाही शहाणा वकील त्याला 'बिनधास्त जा' म्हणणार नाही.

मालक : म्हणजे तो बोलला तर त्याला धोका, न बोलला तर माझे सत्तावीस लाख. हे ठरवायचं कोणी? मी त्याचा मालक आहे, मी सांगतो तो बोलेल.

वकील : तुम्ही सांगूच नका. इथे तुमचं आणि त्याचं हित वेगळं झालंय. तुम्ही त्याला जो वकील देणार, तोच तुमचाही वकील असेल, तर त्याने कोणाचं ऐकायचं? उरणच्या खटल्यात त्याच्या वकिलाची फी कोणी भरली होती, शेठ?

मालक : मीच.

वकील : मग या वेळी त्याला त्याचा स्वतःचा वकील घेऊ द्या. आणि साक्षीला उभं राहायचं की नाही, हे त्याने त्या वकिलाला विचारू दे.